ओन की कुन? जोडशब्दातली कांजी वाचण्याचा सराव, पायरी पायरीने

水 ही कांजी एकटी आली की ‘मिझु’ वाचायची, म्हणजे पाणी. 水道 (नळाच्या पाण्याची व्यवस्था) मध्ये तीच ‘सुइ’ होते: सुइदोऽ. आणि 水着 (पोहण्याचे कपडे) मध्ये पुन्हा मिझु: मिझुगि. ‘मिझु’ हे कुन, म्हणजे जपानीतला मूळचा शब्द. ‘सुइ’ हे ओन, म्हणजे चिनीतून अक्षराबरोबर आलेला उच्चार. मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. आपण पाणीपट्टी भरतो, जलपट्टी नाही. माशाला जलचर म्हणतो, पाणीचर नाही. घरचा शब्द घरच्या शब्दाला चिकटतो आणि संस्कृत शब्द संस्कृताला. तरी वर्तमानपत्रं धरणातला ‘पाणीसाठा’ही छापतात आणि ‘जलसाठा’ही. जपानीत हेच चालतं, फरक एवढाच की आपण दोन शब्द वेगळे लिहितो आणि जपानी दोन्हींना एकच अक्षर देतात.

जपान सरकारच्या रोजच्या वापरातल्या कांजींच्या यादीत, म्हणजे २०१० च्या ‘जोऽयोऽ’ यादीत, २१३६ कांजी आहेत. त्यांचे ओन उच्चार २३५२ आणि कुन २०३६. हे सगळे पाठ करूनही जोडशब्द वाचता येईलच असं नाही, कारण उच्चार ठरतो तो कांजीवरून नव्हे, शब्दावरून. म्हणून इथे यादी देण्यापेक्षा अनोळखी जोडशब्द समोर आला की कोणत्या क्रमाने काय तपासायचं, ते पाहू.

आधी लिहिण्याबद्दल एक गोष्ट. खाली लांब ‘ओ’ दाखवायला ‘ओऽ’ लिहिलं आहे; इ-ई आणि उ-ऊ मधला फरकही मुद्दाम पाळला आहे. ‘झ’ जिथे आहे तिथे ‘पिझ्झा’तला झ वाचा.

चार खोके

दोन कांजींच्या शब्दाचे चार प्रकार होतात: ओन-ओन, ओन-कुन, कुन-कुन आणि कुन-ओन. यांतल्या दोन मिश्र प्रकारांना जपानीत नावं आहेत आणि ती नावं स्वतःच उदाहरणं आहेत. 重箱 म्हणजे एकावर एक रचायचे जेवणाचे डबे. ‘जूऽ’ ओन, ‘बाको’ कुन. म्हणून ओन-कुन वाचनाला ‘जूऽबाको-योमि’ म्हणतात. 湯桶 म्हणजे गरम पाणी वाढायचं लाकडी भांडं. ‘यु’ कुन, ‘तोऽ’ ओन. म्हणून कुन-ओन म्हणजे ‘युतोऽ-योमि’. गंमत म्हणजे 訓読み (कुन-योमि) हा शब्दही कुन-कुन नाही. ‘कुन’ हा उच्चार ओन आहे आणि ‘योमि’ कुन, म्हणजे शब्द जूऽबाको.

जपानमधल्या ‘कांजी केन्तेइ’ परीक्षेच्या पाचव्या श्रेणीत, म्हणजे तिथल्या सहावी संपवलेल्या मुलांच्या पातळीवर, हाच वर्गीकरणाचा प्रश्न स्वतंत्रपणे येतो: शब्द दिलेला, चारपैकी प्रकार निवडा. परदेशी विद्यार्थ्यांच्या जेएलपीटीत मात्र शब्दाखाली रेघ असते आणि हिरागानात चार पर्याय असतात. पहिला सराव केला की दुसऱ्याला हात बसतो, म्हणून आपण दोन्ही एकत्र करू.

पहिली पायरी: हिरागानाची शेपटी शोधा

कांजीला हिरागानाची शेपटी (ओकुरिगाना) असेल, तर ती कांजी बहुतेक कुन. 食べ物 ताबेमोनो, 買い物 काइमोनो, 山登り यामानोबोरि. इथवर सोपं आहे. पंचाईत होते ती शेपटी गळून पडलेल्या शब्दांत. १९७३ च्या सरकारी ओकुरिगाना-नियमांनीच रूढ झालेल्या शब्दांत शेपटी गाळायला मुभा दिली आहे. त्यामुळे 受付 (उकेत्सुके, स्वागतकक्ष), 建物 (तातेमोनो, इमारत), 割引 (वारिबिकि, सवलत), 取引 (तोरिहिकि, व्यवहार) हे शब्द दिसायला ओन-ओन, पण वाचायला कुन-कुन. 申し込み, 申込み आणि 申込 या तिन्हींचं वाचन एकच: मोऽशिकोमि, म्हणजे अर्ज. कार्यालयाच्या आणि दुकानाच्या रोजच्या व्यवहारातले शब्द इथे जास्त आहेत. तिथे काम करणाऱ्याने हा गट वेगळ्या पानावर लिहून ठेवावा. त्यांना चुकून ओन लावला तर समोरच्याला शब्दच कळत नाही.

दुसरी पायरी: शब्दातला क्रम बघा

ही पायरी पुस्तकांत फारशी सांगत नाहीत, पण मराठी वाचकाला सगळ्यांत उपयोगी पडते. चिनीत क्रियापद आधी, कर्म नंतर. जपानीत आणि मराठीत कर्म आधी, क्रियापद नंतर: आपण डोंगर चढतो, दारू पितो. जोडशब्दाच्या आतला क्रम पाहिला की शब्द कोणत्या भाषेच्या साच्यात बनला ते कळतं.

登山 मध्ये ‘चढणे’ आधी, ‘डोंगर’ नंतर. हा चिनी क्रम, म्हणून ओन-ओन: तोझान. 山登り मध्ये ‘डोंगर’ आधी, ‘चढणे’ नंतर. हा जपानी क्रम, म्हणून कुन-कुन: यामानोबोरि. दोन्हींचा अर्थ गिर्यारोहणच. तसंच 飲酒 (इन्शु) आणि 酒飲み (साकेनोमि): पहिला शब्द वाहतूक नियमांच्या फलकावरचा, ‘मद्यपान’, दुसरा म्हणजे सरळ ‘दारुडा’. 殺人 (सात्सुजिन) आणि 人殺し (हितोगोरोशि) ही आणखी एक जोडी.

यातून अनोळखी शब्दालाही वाट सापडते. 読書 म्हणजे वाचणे + पुस्तक, दोकुशो. 帰国 म्हणजे परतणे + देश, किकोकु. 開店 म्हणजे उघडणे + दुकान, काइतेन. क्रियापद पुढे आणि कर्म मागे दिसलं की ओन-ओन जवळजवळ नक्की. उलट 花見 मध्ये फूल आधी, पाहणं नंतर, आणि शेपटीही नाही; तरी वाचन कुन-कुन: हानामि. ही उलटी बाजू मात्र तेवढी पक्की नाही. कर्म आधी आलं तर कुनचा संशय धरायचा, निकाल द्यायचा नाही.

तिसरी पायरी: वस्तू की संकल्पना

क्रमावरून काही कळलं नाही तर अर्थ बघा. हात लावता येईल किंवा डोळ्यांना दिसेल अशा घरातल्या, शरीरातल्या, हवापाण्यातल्या गोष्टी कुनकडे झुकतात: 青空 आओझोरा (निळं आकाश), 手首 तेकुबि (मनगट), 山道 यामामिचि (डोंगरवाट), 花火 हानाबि (शोभेची दारू). शासन, शास्त्र, शिक्षण आणि अमूर्त कल्पना ओनकडे: 青年 सेइनेन (तरुण), 空気 कूऽकि (हवा), 開花 काइका (फुलणं). काहीच सुचलं नाही तर दोन कांजींच्या शब्दात ओन-ओन धरा. सगळ्यांत मोठा गट तोच आहे.

चौथी पायरी: उच्चार ओनच्या साच्यात बसतो का

आता मनात आलेला उच्चार तपासायचा. ओन उच्चार आखूड असतो: एक किंवा दोन मात्रा. दोन असतील तर दुसरी मात्रा इ, उ, कि, कु, चि, त्सु किंवा न् यांपैकीच. ‘आमे’ मध्ये दुसरी मात्रा ‘मे’ आहे, म्हणून तो ओन असूच शकत नाही. ‘यामा’, ‘सोरा’, ‘हाना’ हेही तसेच बाद. तीन मात्रांचा ‘कोकोरो’ तर उघडच कुन.

ही चाचणी एकाच दिशेने चालते. साच्यात बसला नाही तर कुन नक्की. बसला तर काहीच सिद्ध होत नाही. ‘कुचि’ (口, तोंड) आणि ‘मिचि’ (道, रस्ता) साच्यात छान बसतात, पण दोन्ही कुन. उलट शब्दात क्यो, शु, र्यो अशी जोडाक्षरं असतील किंवा सुरुवात ‘र’ने होत असेल, तर ते जवळपास नेहमी ओन असतं.

जपानी शाळांत मुलांना याहून सोपी खूण सांगतात: नुसता उच्चार ऐकून अर्थ कळला तर कुन, नाही कळला तर ओन. ‘यामा’ ऐकलं की डोंगर दिसतो, ‘सान’ ऐकून काही दिसत नाही. खूण चांगली आहे, पण ती नेमकी त्याच शब्दांत फसते ज्यांवर परीक्षक डोळा ठेवून असतात. होन (本), निकु (肉), एकि (駅), क्याकु (客), बान (番), दाइ (台) आणि ए (絵, चित्र) हे ऐकताच अर्थ कळतो, तरी सगळे ओन. याउलट बा (場), मि (身), मा (間), नि (荷), नो (野) आणि यूऽ (夕) हे एवढेसे उच्चार ओनसारखे वाटतात, पण आहेत कुन. या तेरा कांजी मात्र पाठच कराव्या लागतात.

एक सूचना वाचून पाहू

कारखान्याच्या दारावर अशी पाटी आहे, असं समजा:

大雨の日は工場の出入口で足元に注意してください。

大雨 पासून सुरुवात. हवापाण्याचा शब्द, म्हणून 雨 बहुधा कुन, ‘आमे’. मग 大 चं काय? 大 ला कुन ‘ओऽ’ आणि ओन ‘दाइ’ किंवा ‘ताइ’. पुढचा उच्चार कुन असेल तर साधारणपणे ‘ओऽ’, ओन असेल तर ‘दाइ’ किंवा ‘ताइ’. म्हणून ओऽआमे, मुसळधार पाऊस. पण 大学 दाइगाकु आणि 大会 ताइकाइ. अपवाद दोन्हीकडे आहेत: 大掃除 मध्ये ‘सोऽजि’ ओन असूनही ओऽसोऽजि (घराची मोठी सफाई), आणि 大好き मध्ये ‘सुकि’ कुन असूनही दाइसुकि.

日 एकटीच आहे, पुढे शब्दयोगी अव्यय. एकटी कांजी म्हणजे बहुधा कुन: हि.

工場 मध्ये 工 चा ओन ‘कोऽ’. 場 दुसऱ्या जागी आली की तिच्या आधीचा उच्चार ऐकायचा: आधी ओन तर ‘जोऽ’, आधी कुन तर ‘बा’. 会場 काइजोऽ, पण 広場 हिरोबा आणि 売り場 उरिबा. म्हणून इथे कोऽजोऽ. 職場 (शोकुबा) आणि 現場 (गेन्बा) हे नियम मोडतात. खुद्द 工場 ही ‘कोऽबा’ वाचतात, पण तेव्हा डोळ्यांपुढे छोटं वर्कशॉप येतं.

出入口 मध्ये शेपट्या गळल्या आहेत. 出る, 入る, 口: बाहेर जाणं, आत येणं, तोंड. तिन्ही कुन: देइरिगुचि. पहिली पायरी विसरली तर इथे ‘शुत्सुन्यूऽकोऽ’ असं काहीतरी तयार होतं. तो नियमाने बनलेला, पण कोणीच न बोलणारा शब्द.

足元 म्हणजे पायाखालची जागा. शरीराशी निगडित, म्हणून कुन-कुन: आशिमोतो. 注意 म्हणजे लक्ष घालणं, क्रियापद + कर्म, शिवाय अमूर्त. ओन-ओन: चूऽइ.

पाटीत पाच जोडशब्द. त्यातले तीन कुनचे, आणि त्यातला एक शेपटी गळालेला. ‘जोडशब्द म्हणजे ओन’ एवढंच शिकलेला विद्यार्थी पाचपैकी दोनच बरोबर वाचतो.

सांध्यावर काय होतं

प्रकार बरोबर ओळखूनही उत्तर चुकतं, कारण दोन भाग जुळताना आवाज बदलतो. कुन-कुन शब्दात दुसऱ्या भागाचं पहिलं व्यंजन बऱ्याचदा मऊ होतं: कामि → तेगामि (手紙), सोरा → आओझोरा, हि → हानाबि, कुचि → देइरिगुचि. जपानीत याला ‘रेन्दाकु’ म्हणतात. दुसऱ्या भागात आधीच ग, झ, ज, द, ब यांपैकी आवाज असेल तर मात्र बदल होत नाही: 春風 हारुकाझे, ‘हारुगाझे’ नाही. ‘आणि’ने जोडलेल्या जोडीतही सहसा होत नाही. 山川 म्हणजे ‘डोंगर आणि नद्या’ असेल तर यामाकावा. ‘डोंगरातली नदी’ असेल तर यामागावा. आपल्या द्वंद्व आणि तत्पुरुष समासाचा भेद इथे चक्क कानाला ऐकू येतो.

ओन-ओन मध्ये वेगळंच घडतं. ‘त्सु’ने संपणारा ओन पुढच्या क, स, त, ह मध्ये मिसळून द्वित्त होतो, आणि ‘ह’चा ‘प्प’ होतो: शुत्सु + हात्सु → शुप्पात्सु (出発). ‘कु’ने संपणारा फक्त ‘क’पुढेच मिसळतो: गाकु + कोऽ → गाक्कोऽ (学校), पण 学生 गाकुसेइ तसाच राहतो.

आणि खास आपली अडचण म्हणजे लांबी. मराठीत ऱ्हस्व ‘ओ’ आणि दीर्घ ‘ओ’ असा भेद नाही, त्यामुळे 場所 (बाशो) आणि ‘बाशोऽ’ आपल्या कानाला सारखेच. परीक्षेतले चुकीचे पर्याय नेमके इथे पेरलेले असतात. लांबी चुकल्यावर काय होतं ते ‘शुजिन’ (主人, घरधनी) आणि ‘शूऽजिन’ (囚人, कैदी) या जोडीत दिसतं.

आता तुम्ही

खालचे दहा शब्द कागदावर उतरवा. प्रत्येकाचा उच्चार आणि प्रकार लिहा, मगच पुढे वाचा.

手本, 番組, 絵本, 場所, 仕事, 荷物, 肉屋, 豚肉, 建物, 動物

手本 (नमुना, कित्ता): ते कुन, होन ओन. कुन-ओन, तेहोन. 番組 (कार्यक्रम): बान ओन, कुमि कुन आणि रेन्दाकु. ओन-कुन, बान्गुमि. 絵本 (चित्रांचं पुस्तक): बरेच जण कुन-ओन लिहितात, ‘ए’ ओन असल्यामुळे उत्तर ओन-ओन, एहोन. 場所 (जागा): बा कुन, शो ओन, कुन-ओन. 仕事 (काम): शि ओन, गोतो कुन, शिगोतो. 肉屋 (मांसाचं दुकान): निकु ओन, या कुन. 豚肉 (डुकराचं मांस): बुता कुन, निकु ओन, बुतानिकु. याच्या शेजारी 牛肉 ठेवा: ग्यूऽनिकु, ओन-ओन. गाईच्या मांसाला ओन आणि डुकराच्याला कुन, यामागे शिकवता येईल असा नियम नाही, रूढी आहे.

उरलेले तीन शब्द 物 चे, आणि ही एकच कांजी पूर्ण धडा आहे. कुन ‘मोनो’, ओन दोन: ‘बुत्सु’ आणि ‘मोत्सु’. ‘मोत्सु’ हा चीनमधून आधी आलेल्या ‘गो-ओन’ लाटेतला, ‘बुत्सु’ नंतरच्या, तांग काळातल्या ‘कान-ओन’ लाटेतला. 建物 तातेमोनो, कुन-कुन. 動物 (प्राणी) दोऽबुत्सु, ओन-ओन. 荷物 (सामान) निमोत्सु, कुन-ओन. आणि 本物 (अस्सल) होन्मोनो, ओन-कुन. म्हणजे चारही खोके एकाच कांजीने भरले. 植物, 生物, 人物 असे जीवसृष्टीचे आणि माणसांचे शब्द ‘बुत्सु’कडे जातात, शेत, माल आणि अन्नाचे काही शब्द, 作物 (साकुमोत्सु), 貨物 (कामोत्सु), 食物 (शोकुमोत्सु), ‘मोत्सु’कडे. 果物 (कुदामोनो, फळ) मात्र कुठल्याच खोक्यात घालू नका. सरकारी यादीच्या परिशिष्टात असे ११६ शब्द आहेत, ज्यांत उच्चार पूर्ण शब्दाला चिकटलेला असतो, एकेका कांजीला नाही. 今日, 大人, 時計, 部屋 हे त्यातलेच. त्यांना पायऱ्या लावायच्या नाहीत.

पुढचा सराव याच धर्तीवर: एक कांजी घ्या (場, 手, 人, 生 चांगल्या आहेत), तिचे आठ शब्द शब्दकोशातून काढा आणि अर्थ झाकून उच्चार लिहा. शब्दकोशात ओन काताकानात आणि कुन हिरागानात छापतात, त्यामुळे उत्तर तपासणं सोपं जातं. चूक झाली की नुसती फुली मारू नका. बाजूला कारण लिहा: प्रकार चुकला, दुसराच ओन लावला, सांधा चुकला की लांबी. दोन-तीन कांजींनंतर कोणत्या कारणाची रांग वाढते आहे ते दिसतं. प्रकार चुकत असेल तर पहिल्या तीन पायऱ्यांकडे वळा; लांबी चुकत असेल तर पायऱ्या कितीही घोटल्या तरी उपयोग नाही, शब्द ऐकून हिरागानात लिहायचा सराव हवा.

शेवटी काही शब्द असे आहेत की दोन्ही वाचनं बरोबर आणि अर्थ वेगळे. 市場 ‘इचिबा’ म्हणजे भाजी-मासळीचा बाजार, ‘शिजोऽ’ म्हणजे शेअर बाजारातला बाजार. 色紙 ‘इरोगामि’ म्हणजे रंगीत कागद, ‘शिकिशि’ म्हणजे सही किंवा कविता लिहायचा जाड चौकोनी पुठ्ठा. 生物 ‘सेइबुत्सु’ म्हणजे सजीव, आणि ‘नामामोनो’ म्हणजे कच्चं, नासणारं अन्न. अशा ठिकाणी पायऱ्या थांबतात आणि आजूबाजूचं वाक्य बघावं लागतं. हा घोटाळा जपान्यांचाही होतो, म्हणून मासळीच्या पार्सलवर ते बहुधा 生もの असं, अर्धं हिरागानात लिहितात.